दीड कोटींचा विसार

साखर कारखान्यात उसाचा रस गाळून झाला की मागे काळसर, ओलसर, भुसभुशीत गाळ उरतो. त्याला प्रेसमड म्हणतात. शंभर टन ऊस गाळला की तीन ते चार टन प्रेसमड निघतो. वर्षानुवर्षे तो शेतकऱ्यांच्या ट्रॉलीतून खत म्हणून शिवारात जात आला. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने ‘सतत’ योजना आणली. तेल कंपन्या शेणकचऱ्यापासून बनवलेला शुद्ध, दाबाखाली भरलेला बायोगॅस ठरलेल्या भावाने विकत घेतील, असे त्या योजनेत जाहीर झाले आणि प्रेसमडकडे पाहण्याची नजर बदलली. हवाबंद टाकीत पाणी मिसळून तो कुजवला तर एका टनातून साधारण चाळीस किलो गॅस मिळू शकतो.

‘मिळू शकतो’ आणि ‘मिळतो’ यांत किती अंतर आहे, हे कळण्याआधीच कारखान्याला तीस कोटींचा निर्णय घ्यावा लागतो. त्या अंतराची किंमत कशी मोजायची, हा या लेखाचा विषय. अर्थशास्त्रात या विचारपद्धतीला रिअल ऑप्शन्स म्हणतात. नाव शेअर बाजारातून आले असले तरी इथे शेअर नाहीत, टाक्या, पाइप आणि ढिगारे आहेत.

समजा, हंगामात सुमारे अकरा लाख टन ऊस गाळणारा एक कारखाना आहे. त्याच्याकडे वर्षाला ४१ हजार टनांच्या आसपास प्रेसमड येतो. त्यावर रोज पाच टन गॅस देणारा प्रकल्प बसतो. दिवसाला १२५ टन प्रेसमड लागेल आणि वर्षाचे ३३० दिवस प्रकल्प चालेल. खर्च ३० कोटी. गॅसचा भाव किलोला ६० रुपये धरू आणि वर्षाचा चालवण्याचा खर्च साडेतीन कोटी. हे आकडे हिशेब समजण्यासाठी धरलेले आहेत. प्रत्येक कारखान्याचे वेगळे येतील. पद्धत मात्र तीच राहते.

टनाला ४० किलो गॅस निघाला तर वर्षाला १,६५० टन गॅस होतो. त्याचे ९ कोटी ९० लाख येतात, खर्च वजा जाता ६ कोटी ४० लाख उरतात. पंधरा वर्षांची ही मिळकत १२ टक्के व्याजाने आजच्या पैशात आणली तर सुमारे ४४ कोटी होते. म्हणजे ३० कोटी घालून १४ कोटींचा फायदा. पण वर्षाची सरासरी २४ किलोवर आली तर गॅस हजार टनांवर घसरतो आणि विक्री सहा कोटींवर. गॅस कमी निघाला म्हणून खर्च कमी होत नाही. मजूर तेवढेच, वीज जवळजवळ तेवढीच. हातात अडीच कोटी राहतात आणि त्यांची आजची किंमत १७ कोटी. तोटा १३ कोटींचा. गॅस चाळीस टक्क्यांनी घटला, तर उरणारी मिळकत साठ टक्क्यांनी घटते. असे प्रकल्प धोक्याचे असतात ते इथे.

सरासरी चोवीसवर येईल तरी कशाने? मुख्य कारण साठवण. गाळप हंगाम चार-पाच महिन्यांचा आणि प्रकल्प मात्र अकरा महिने चालवायचा. नोव्हेंबर ते मार्चमध्ये आलेला प्रेसमड पुढच्या ऑक्टोबरपर्यंत पुरवायचा असतो. उघड्यावर टाकलेला ढीग स्वतःच कुजू लागतो आणि आतून तापतो. क्वचित पेटही घेतो. ज्या सेंद्रिय भागातून गॅस निघायचा तोच भाग आधी हवेत उडून जातो. वर पावसाळा. दुसरे कारण गंधकाचे. रस स्वच्छ करण्यासाठी गंधकाचा धूर वापरणाऱ्या कारखान्यांच्या प्रेसमडमध्ये गंधक उतरते, ते गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड होऊन येते आणि शुद्धीकरणाचा खर्च वाढवते. पण आपल्या हिशेबात साठवणीवरच लक्ष ठेवू.

संचालक मंडळापुढे कार्यकारी संचालक म्हणतात, चाळीस की चोवीस, हे आज सांगता येत नाही. पन्नास-पन्नास टक्के शक्यता धरा. नेहमीच्या पद्धतीने हिशेब केला तर निम्मे १४ आणि निम्मे उणे १३, मिळून सरासरी ५० लाखांचा फायदा. आकडा शून्याच्या वर आहे. बँकेच्या कागदावर प्रकल्प ‘होय’ म्हणतो. मंडळात कोणी आग्रही असेल तर ठराव त्याच बैठकीत होतो.

या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली असते आणि ती कुठे लिहिलेली नसते. तीस कोटी आजच, एकदम, सगळे घालायचे किंवा मुळीच घालायचे नाहीत, एवढेच दोन मार्ग त्याला दिसतात. प्रत्यक्षात तिसरा मार्ग असतो. दीड कोटीत छोटा प्रकल्प उभा करायचा, रोज अडीच टन प्रेसमडचा, म्हणजे मोठ्याच्या पन्नासाव्या हिश्शाचा. एक वर्ष तो चालवायचा आणि मग ठरवायचे.

जमिनीचा व्यवहार करताना आपण विसार देतो. विसाराने जमीन आपली होत नाही, पण ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या भावाने ती घेण्याचा हक्क राखला जातो. दरम्यान सातबारा तपासायचा, विहिरीला पाणी किती ते पाहायचे. काही खोट निघाली तर विसार बुडतो, जमिनीची पूर्ण रक्कम वाचते. पायलट प्रकल्पाचे दीड कोटी हे असे विसाराचे पैसे आहेत. त्यांनी गॅसचा धंदा विकत घेतलेला नाही. पुढचे तीस कोटी घालायचे की नाही हे जास्त माहितीनिशी ठरवण्याचा हक्क घेतलेला आहे.

आता त्या हक्काची किंमत काढू. पायलटने सरासरी चाळीस दाखवली तर मोठा प्रकल्प बांधायचा; १४ कोटींचा फायदा. चोवीस दाखवली तर थांबायचे. पुढचा फायदा शून्य, पण १३ कोटींचा तोटाही शून्य. निम्मे १४ आणि निम्मे शून्य, सरासरी सात कोटी. मात्र हे एक वर्ष उशिरा येणार, म्हणून १२ टक्क्यांनी आजच्या पैशात आणले की सव्वासहा कोटी. त्यातून पायलटचे दीड कोटी वजा केले की उरतात ४ कोटी ७५ लाख. सरळ बांधण्याच्या मार्गात ५० लाख होते. बांधायचे तंत्र तेच, भाव तोच, शक्यताही त्याच. सव्वाचार कोटींचा फरक आला तो फक्त वाईट बातमी कळल्यावर थांबता येते म्हणून.

आणि थांबता येत नसेल तर? पायलट काहीही दाखवो, प्रकल्प बांधायचाच, असे आधीच ठरले असेल तर हिशेब असा होतो: ते ५० लाख वर्षभर उशिरा, आणि वर दीड कोटींचा खर्च. निव्वळ एक कोटीहून जास्त तोटा. म्हणजे न थांबणाऱ्या मंडळासाठी पायलट करणे हे काहीच न करण्यापेक्षाही वाईट. पायलटमधून गॅस निघो न निघो, त्याचे सगळे मोल त्या ‘नाही’मध्ये साठलेले असते, आणि ते ‘नाही’ कोणी उच्चारणार नसेल तर दीड कोटी फक्त उद्घाटनाच्या फोटोसाठी गेले.

या विचाराला शास्त्राचे रूप अलीकडचे आहे. शेअरच्या ऑप्शनची किंमत काढण्याचे सूत्र १९७३ मध्ये फिशर ब्लॅक, मायरन शोल्स आणि रॉबर्ट मर्टन यांच्या कामातून आले. एमआयटीतील स्ट्युअर्ट मायर्स यांनी १९७७ मध्ये दाखवले की कंपनीच्या किमतीचा मोठा भाग तिच्या हातात असलेल्या यंत्रांत नसतो, पुढे गुंतवणूक करण्याच्या तिच्या हक्कांत असतो. त्या हक्कांना त्यांनी रिअल ऑप्शन्स म्हटले. १९९४ मध्ये या विषयावरचा सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ आला, ‘इन्व्हेस्टमेंट अंडर अनसर्टन्टी’. त्याच्या दोन लेखकांपैकी एक अविनाश दीक्षित. १९४४ साली मुंबईत जन्मलेले, सेंट झेवियर्समध्ये शिकलेले, पुढे प्रिन्स्टनमध्ये अनेक दशके शिकवणारे अर्थशास्त्रज्ञ. दुसरे रॉबर्ट पिंडाइक. त्यांचे म्हणणे आपल्या मंडळापुढे ठेवायचे तर असे: जिथे घातलेले पैसे परत काढता येत नाहीत, पुढचे दिसत नाही आणि थांबायची सोय आहे, तिथे फायद्याचा आकडा शून्याच्या वर असणे पुरेसे नाही. आज बांधले की थांबण्याचा हक्क संपतो, आणि त्या हक्काची किंमतही फायद्याने भरून काढली पाहिजे. आपल्या कारखान्यात ती किंमत पावणेपाच कोटी आहे. पन्नास लाखांचा फायदा तिच्या जवळपासही पोहोचत नाही.

परत काढता न येणे हा यातला कळीचा भाग. प्रेसमड कुजवण्याची सिमेंटची टाकी दुसऱ्या कशाच्या उपयोगाची नसते. गॅस शुद्ध करणारे यंत्र सांगाड्यासकट ट्रकवर चढवून विकता येते. म्हणून सगळे तीस कोटी सारखे नसतात. पायलट आखताना कोणते पैसे बुडाले तर कायमचे बुडतील हे वेगळे लिहून काढलेले बरे. थांबण्याच्या हक्काची गरज तिथे सर्वांत जास्त असते.

पायलट नेहमीच करावा असे मात्र नाही. शेजारच्या तीन कारखान्यांत तसाच प्रेसमड, तशीच साठवण आणि चांगला गॅस वर्षानुवर्षे निघत असेल तर चाळीसची शक्यता पन्नास टक्के राहत नाही, नव्वद होते. तेव्हा सरळ बांधण्यात ११ कोटी ३० लाख आहेत आणि पायलट करून बांधण्यात पावणेदहा. थांबून नवे काही कळणार नसते, उशीर मात्र होतो. आपल्या आकड्यांवर ही सीमा ८० टक्क्यांच्या जरा अलीकडे येते. खात्री तिच्या वर असेल तर छोटा प्रकल्प हा केवळ निर्णय टाळण्याचा सभ्य मार्ग ठरतो.

आतापर्यंत आपण धरले की पायलट खरे बोलतो. माझ्या मते सर्वांत जास्त चुका होतात त्या इथे, आणि बहुतेक वेळा चांगल्या हेतूने. समजा पायलट दहापैकी आठ वेळा बरोबर सांगतो. चांगल्याला चांगले आणि वाईटाला वाईट. मग दोन वेळा तो वाईट प्रकल्पाला हिरवा कंदील दाखवतो आणि दोन वेळा चांगला प्रकल्प थांबवतो. हिशेब पावणेपाच कोटींवरून थेट २ कोटी ३४ लाखांवर येतो. तोच पायलट तीनपैकी दोन वेळाच, नेमके सांगायचे तर शंभरात ६५ वेळा बरोबर असेल, तर उरतात ५३ लाख. म्हणजे पायलट न करता बांधले तर जेवढे मिळाले असते जवळजवळ तेवढेच. थोडा खोटा पायलट थोडा निरुपयोगी होत नाही, तो जवळपास पूर्ण निरुपयोगी होतो.

प्रेसमडचा पायलट खोटा कसा बोलतो? एक, तो हंगामात चालवला जातो. जानेवारीत टाक्या भरल्या, एप्रिलमध्ये अहवाल आला, टनाला ४१ किलो. ताज्या प्रेसमडचा आकडा चांगलाच येतो. शंका सप्टेंबरच्या प्रेसमडबद्दल होती. सोप्या अर्ध्या वर्षाची परीक्षा घेऊन अवघड अर्ध्याचा निकाल लावता येत नाही. म्हणून पायलट पूर्ण वर्ष, ऑक्टोबरचा शेवटचा ढीग संपेपर्यंत चालवावा लागतो. त्यासाठीच आपण हिशेबात वर्षाचा उशीर धरला.

दोन, ढीग. टाकी पन्नासाव्या हिश्शाची चालते, पण ढीग पन्नासाव्या हिश्शाचा करून चालत नाही. छोट्या ढिगाची उष्णता चटकन बाहेर जाते. तो मोठ्या ढिगाएवढा तापत नाही, त्यामुळे कमी कुजतो आणि गॅस जास्त देतो. पायलटसाठी टाकी छोटी ठेवावी, पण प्रेसमडचा ढीग मात्र मोठ्या प्रकल्पात असेल तेवढ्याच उंचीचा, तसाच दाबलेला, तसाच झाकलेला घालावा आणि त्यातून रोज अडीच टन काढावेत.

तीन, वजन. साठवणीत ढिगाचे वजनच घटते. ऑक्टोबरमध्ये टाकीत टाकलेल्या टनामागे गॅस मोजला तर आकडा फसवा येतो, कारण तो टन मुळात मार्चमधल्या सव्वा किंवा दीड टनाचा उरलेला भाग असतो. कारखान्यातून बाहेर पडताना काट्यावर झालेले वजन धरूनच भागाकार करायला हवा. हे पायलटच्या पहिल्या दिवशी लिहून ठेवले नाही तर शेवटच्या दिवशी कोणता काटा धरायचा यावर वाद होतो, आणि त्या वादात जिंकतो तो प्रकल्प हवा असणारा पक्ष.

काही गोष्टी पायलट एका वर्षात सांगूच शकत नाही. प्रेसमडबरोबर येणारी माती आणि चुना टाकीच्या तळाशी साचतो. टाकीची जागा खायला त्याला काही वर्षे लागतात. वर्षअखेरीला पायलटची टाकी उघडून तळाचा थर मोजला तर अंदाज येतो, एवढेच. आणि गॅसच्या भावाबद्दल पायलट काहीच सांगत नाही. तंत्राबद्दलची शंका काम करून फिटते. बाजाराबद्दलची वाट पाहूनच फिटते, पायलट कितीही चांगला चालला तरी. भाव हीच खरी चिंता असेल तर दीड कोटी टाकीवर घालण्यापेक्षा तेल कंपनीशी दीर्घ मुदतीचा करार पक्का करण्यात शक्ती लावावी, किंवा प्रकल्प दोन टप्प्यांत, एका टाकीने सुरू करून उभारावा.

पायलटचे आकडे हातात असून ते डावलले की काय होते याचे ठळक उदाहरण अमेरिकेतले आहे. किऑर नावाची कंपनी लाकडाच्या भुश्श्यापासून इंधन तेल बनवणार होती. टेक्ससमधल्या पासाडेना इथे तिचा दिवसाला दहा टन लाकूड घेणारा प्रात्यक्षिक प्रकल्प होता. तिथून तिने मिसिसिपीतल्या कोलंबस गावी थेट पन्नासपट, पाचशे टनांचा प्रकल्प बांधला. राज्य सरकारने ७.५ कोटी डॉलरचे बिनव्याजी कर्ज दिले. २०१३ मध्ये थोडे इंधन बाहेर पडले, मग प्रकल्प बंद झाला आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. २०१६ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने कंपनीवर आरोप ठेवले ते टनाला किती इंधन निघते याबद्दल गुंतवणूकदारांची दिशाभूल केल्याचे. छोटा प्रकल्प होता, मोजमाप होते. फक्त त्या मोजमापाला थांबवण्याचा अधिकार नव्हता.

आपल्याकडे पुण्याच्या प्राज कंपनीने पिकांच्या काडीपासून इथेनॉल बनवण्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प २०१७ मध्ये दौंडजवळ उभारला. त्याच तंत्रावर इंडियन ऑइलचा नऊशे कोटींहून अधिक खर्चाचा, भाताच्या काडीवरचा प्रकल्प पानिपतला ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाला. मधली पाच वर्षे बाहेरून पाहणाऱ्याला उशिरासारखी दिसतात.

थांबण्याचा हक्क खरा राहायचा असेल तर तो पायलट सुरू होण्याआधी, कोणाचा उत्साह वाढण्याआधी ठरावात लिहावा लागतो. किती आकड्याला थांबायचे? तीस कोटी भरून निघायला वर्षाला सुमारे ४ कोटी ४० लाख उरले पाहिजेत. त्यासाठी १,३१७ टन गॅस. म्हणजे टनाला ३२ किलो. मोजण्यात थोडी चूक धरून ठरावात ३४ लिहावे. वर्षाची सरासरी, काट्यावरच्या मूळ वजनावर, ३४ च्या खाली गेली तर मोठा प्रकल्प आहे तसा बांधायचा नाही. आणि हा आकडा मोजणारा माणूस पायलट चालवणाऱ्या विभागातला नसावा.

हक्क दुसऱ्या बाजूनेही निसटतो. वर्षभर पायलट चालू असताना कारखान्याने प्रेसमड दुसऱ्या कोणाला पाच वर्षांच्या कराराने देऊन टाकला, जागेवर गोदाम बांधले, तेल कंपनीच्या पत्राची मुदत संपू दिली, तर पायलटचा निकाल चांगला लागूनही बांधायला काही उरत नाही. माहिती मिळाली, हक्क गेला. म्हणून पायलटच्या खर्चात या तीन गोष्टी वर्षभर राखून ठेवण्याचा खर्चही धरायला हवा: जागेचा, प्रेसमडचा आणि खरेदीपत्राचा. शेतकऱ्यांना त्या वर्षी खत कसे द्यायचे हेही त्यात आले, कारण सभासद वार्षिक सभेत पहिला प्रश्न तोच विचारतात.

बहुतेक पायलट धड होय म्हणत नाहीत आणि धड नाहीही. मार्चपर्यंत ४० किलो, जूनमध्ये ३३, ऑक्टोबरमध्ये २२, वर्षाची सरासरी ३१. ठरावाप्रमाणे थांबायचे. पण आता मंडळाच्या हातात वर्षापूर्वी नसलेली एक गोष्ट आहे: नुकसान टाकीत होत नाही, ढिगात होते, हे कळले आहे. मग प्रश्न बदलतो. ढीग दाबून, प्लास्टिकने हवाबंद झाकून ठेवला तर काय? पावसाळ्यात प्रेसमडऐवजी डिस्टिलरीचे स्पेंटवॉश टाकीत सोडले तर? प्रत्येक उपायाला खर्च आहे, आणि तो किती परवडेल हेही आता काढता येते. सरासरी टनाला एक किलो गॅस वाढला तर वर्षाला ४१ टनांहून थोडा जास्त गॅस, पावणेपंचवीस लाख रुपये. पंधरा वर्षांचे आजच्या पैशात १ कोटी ६९ लाख. झाकणीच्या व्यवस्थेने सरासरी ३१ वरून ३५ वर जात असेल तर चार किलोंचे पावणेसात कोटी होतात. मात्र बत्तीसपर्यंतचा पहिला किलो आधीचा खड्डा भरण्यातच जातो. त्यापुढच्या तीन किलोंचे पाच कोटी. झाकणी त्याहून स्वस्तात होत असेल तरच मोठ्या प्रकल्पाचा विचार पुन्हा करायचा. ती स्वस्तात होते का आणि सरासरी खरोखर पस्तीसवर नेते का, हे पाहायला पायलटची टाकी उभी आहेच. पुढच्या हंगामात झाकलेला ढीग लावून ती चालवायला काही लाख रुपये लागतील.